फोटोत आकृती नाही, वरची ओळ कापलेली: उत्तर देण्याआधी काय मागायचं

गेल्या वर्षी पूर्वपरीक्षेच्या आधीच्या आठवड्यात रात्री साडेनऊला माझ्या फोनवर एक फोटो आला. दहावीच्या भूमितीचा प्रश्न होता. वरची ओळ अर्धी कापलेली होती, बाजूची आकृती फोटोत आलीच नव्हती. वाचता येत होतं ते एवढंच:

«…E मध्ये छेदतात. जर m(कंस AC) = 80° आणि m(कंस BD) = 30°, तर ∠AEC चे माप काढा.»

वीस वर्षं वर्तुळाचा धडा शिकवल्यावर असा प्रश्न डोळ्यांपुढे आला की हात आपोआप चालतो. दोन जीवा, मध्ये E, दोन्ही कंसांची बेरीज, तिचं निम्मं. मी ५५ अंश लिहून पाठवलं आणि झोपले. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने पुस्तक दाखवलं. E हा वर्तुळाच्या बाहेर होता. उत्तर २५ अंश होतं. मुलीने रात्री माझं उत्तर चारवेळा लिहून पाठ केलं होतं, बेरजेच्या सूत्रासकट. ते तिच्या डोक्यातून काढायला मला पुढचे दोन तास खर्चावे लागले, आणि पूर्वपरीक्षेत तिने पुन्हा बेरीजच केली.

आमच्याकडे आचऱ्यापासून देवगडपर्यंतच्या वाड्यांमधली मुलं शाळा सुटल्यावर शंका फोनवरच विचारतात. एसटीची शेवटची गाडी चुकेल म्हणून शाळेत थांबता येत नाही, आणि क्लास तालुक्याला. यंदा आमच्या या कामात काही कॉलेजची मुलं आणि दोन निवृत्त शिक्षक नव्याने आले आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गणित तुम्हाला येतंच. अडचण येते ती तुमच्यापर्यंत प्रश्न पुरा पोचलेला नसतो तेव्हा.

आधी ओळखा की काहीतरी राहिलं आहे

हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण अपुरा प्रश्न पुष्कळदा पुरा दिसतो. वरच्या फोटोत प्रश्नचिन्हाच्या जागी «माप काढा» होतं, दोन संख्या होत्या, काय काढायचं ते होतं. डोळ्याला काही खटकलं नाही.

खटकायला हवं होतं ते असं. अक्षरं बघा. A, B, C, D आणि E अशी पाच अक्षरं प्रश्नात आहेत, पण ती कोण आहेत हे वाचलेल्या मजकुरात कुठेच सांगितलेलं नाही. AB ही जीवा आहे की व्यास, CD ही जीवा आहे की छेदिका, काहीच नाही. ज्या अक्षराची ओळख फोटोत नाही, त्याची ओळख एक तर कापलेल्या ओळीत आहे किंवा न आलेल्या आकृतीत. फोटो उघडला की मी आता पहिल्यांदा हेच करते: प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून विचारते, हे कुठून आलं?

दुसरी खूण म्हणजे प्रश्नाचा क्रमांक. फोटोत क्रमांक दिसत नसेल, तर वरून काहीतरी गेलेलं आहे असंच धरा. प्रश्न «तर», «त्यावरून», «वरील» अशा शब्दाने सुरू होत असेल तर खात्रीच समजा. «सोबतच्या आकृतीत» किंवा «आकृती 3.» असं कुठे दिसलं आणि आकृती नसली, तर ते उघडच आहे. आपल्या दहावीच्या पुस्तकात आकृतीच्या क्रमांकातला पहिला आकडा प्रकरणाचा असतो. तीन म्हणजे वर्तुळ. निदान कुठे शोधायचं ते कळतं.

तिसरी खूण फसवी आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. प्रश्न नुसता (३) किंवा (iii) असा सुरू होतो. मुलाला वाटतं, माझी शंका तिसऱ्यात आहे, म्हणून तो तेवढाच भाग कापून पाठवतो. पण सगळी माहिती (१) च्या वरच्या ओळीत असते. संभाव्यतेच्या प्रश्नांत हे फार होतं, त्याचं उदाहरण पुढे देते.

मग बघा, जे राहिलंय त्याने उत्तर बदलतं का

प्रत्येक वेळी मुलाला परत फोटो काढायला लावणं बरोबर नाही. आमच्या भागात घरात फोन एकच असतो. पप्पा पहाटे बोटीवर जाताना तो घेऊन जातात, आणि किनाऱ्यापासून लांब गेलं की रेंज संपते. तुम्ही रात्री दहाला «नीट फोटो पाठव» असं लिहिलंत आणि फोन पहाटे समुद्रावर गेला, तर उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच येणार. म्हणून मागण्याआधी दोन मिनिटं स्वतः कागदावर घालवा.

आपलाच प्रश्न घेऊ. E कुठे असू शकतो? वर्तुळाच्या आत किंवा बाहेर. दोन्ही आकृत्या काढून बघा.

E आत असेल, म्हणजे जीवा AB आणि CD एकमेकींना वर्तुळाच्या अंतर्भागात छेदत असतील, तर कोन हा दोन्ही कंसांच्या मापांच्या बेरजेच्या निम्मा असतो.

```
∠AEC = ½ [m(कंस AC) + m(कंस BD)]
     = ½ (80° + 30°) = 55°
```

E बाहेर असेल, म्हणजे AB आणि CD या जीवांना सामावणाऱ्या रेषा पुढे जाऊन वर्तुळाच्या बाह्यभागात छेदत असतील, तर वजाबाकीच्या निम्मा.

```
∠AEC = ½ [m(कंस AC) − m(कंस BD)]
     = ½ (80° − 30°) = 25°
```

कोनाचं नाव तेच, कंस तेच, संख्या त्याच. ८० आणि ३० या दोन आकड्यांत असं काहीही नाही की ज्यावरून E ची जागा कळेल. म्हणजे इथे विचारल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. मी त्या रात्री नेमकी हीच दोन मिनिटं वाचवली होती.

आता याच धड्यातला दुसरा प्रश्न बघा, तोही आकृतीशिवाय आला होता: AE = 6, EB = 4, CE = 8, तर ED किती? इथेही E आत की बाहेर ते माहीत नाही. पण आत असला तरी AE × EB = CE × ED आणि बाहेर असला तरी AE × EB = CE × ED. पुस्तकात ही दोन वेगळी प्रमेयं आहेत, सिद्धता वेगळ्या आहेत, पण शेवटची ओळ एकच. २४ भागिले ८, उत्तर ३. या मुलाला मी लगेच उत्तर दिलं आणि खाली लिहिलं की आकृती दिसत नाही, पण दोन्ही परिस्थितींत उत्तर हेच येतं, प्रमेयाचं नाव मात्र पुस्तकातली आकृती बघून लिही. पेपरात कारण लिहिण्याचे गुण असतात, म्हणून ती शेवटची सूचना विसरू नका.

कधीकधी आकडेच आकृती सांगून टाकतात. आपल्या प्रश्नात दोन्ही कंस ४० अंशांचे असते तर? बाहेरच्या सूत्राने कोन शून्य आला असता, म्हणजे त्या दोन रेषा समांतर, त्या E मध्ये छेदणारच नाहीत. मग E आतच असायला हवा. असं दिसलं तर मुलाला थांबवून ठेवायची गरज नाही, पण हे कारणही त्याला लिहून पाठवा, म्हणजे तुम्ही अंदाज केला नाही हे त्याला कळेल.

विज्ञानातही हेच लागू पडतं. ६ आणि ३ ओहमचे दोन रोध, परिपथाची आकृती कापलेली. एकसर जोडणी असेल तर ९ ओहम, समांतर असेल तर २ ओहम. इथे कुठलाही तर्क चालत नाही, विचारावंच लागतं.

काय मागायचं, आणि कुठल्या क्रमाने

नव्या माणसाची पहिली सवय म्हणजे «फोटो क्लिअर नाही, परत पाठव» असं लिहिणं. मूल तोच प्रश्न आणखी जवळून, आणखी कापून पाठवतं, कारण त्याला वाटतं अक्षरं अंधुक आहेत. त्याला कळायला हवं की अक्षरं वाचता येताहेत, वरचा भाग नाही. काय राहिलं आहे ते नावानिशी सांगा.

मी सर्वांत आधी फोटो मागत नाही. पुस्तकाचं नाव, माध्यम आणि पान क्रमांक मागते. प्रश्न बालभारतीच्या पुस्तकातला असेल तर ती पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. दहावीची तुम्ही आधीच उतरवून ठेवा. मुलाने «गणित भाग २, मराठी माध्यम, पान अमुक» एवढं लिहिलं की पुढचा फोटो लागतच नाही. माध्यम विचारायला विसरू नका, कारण मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांत पान क्रमांक जुळतीलच असं नाही, आणि आपल्याकडे सेमीची मुलं पुष्कळ आहेत. सेमीच्या मुलाला छेदिका म्हटलं तर समजत नाही, सीकंट म्हटलं तर लगेच समजतं. उत्तर कुठल्या शब्दांत लिहायचं तेही यावरूनच ठरतं.

प्रश्न गाईडमधला किंवा शाळेच्या चाचणीतला असेल तर मात्र पान मागावंच लागतं. तेव्हा लिहायचं ते असं: «पूर्ण पानाचा एक फोटो काढ. पानाचे चारही कोपरे दिसू देत. काही कापू नकोस. प्रश्न पानाच्या वरच्या टोकाला असेल तर आधीच्या पानाचा तळही पाठव.» शेवटचं वाक्य बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. छापताना मुख्य विधान आधीच्या पानाच्या तळाशी आणि पर्याय पुढच्या पानाच्या माथ्यावर असं वारंवार होतं. आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव वगैरे सांगत बसू नका. त्याने फाइल मोठी होते, रेंज नसेल तर जातच नाही. आपली अडचण कापलेल्या भागाची आहे. पूर्ण पानाचा साधा फोटो, थोडा धूसर असला तरी, बहुतेक वेळा पुरतो.

तिसरा मार्ग मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडला आहे, तो म्हणजे आवाज. फोटो जात नाही अशा रेंजमध्ये व्हॉइस मेसेज जातो. मुलाला सांगा: «प्रश्नाच्या क्रमांकापासून शेवटच्या पर्यायापर्यंत, एकही शब्द न गाळता, पुस्तकात आहे तसं वाच.» वाच म्हणा, सांग म्हणू नका. सांगायला सांगितलं की मूल प्रश्न स्वतःच्या शब्दांत सांगतं, आणि नेमका महत्त्वाचा शब्द गळतो.

तो कसा गळतो ते बघा. एका मुलाने फक्त तिसरा उपप्रश्न पाठवला होता: «मिळालेली संख्या ४ ने भाग जाणारी असणे, या घटनेची संभाव्यता काढा.» मी विचारलं, संख्या कुठून मिळाली, वर काय लिहिलंय? त्याने लिहिलं: «० ते ५ अंकांपासून दोन अंकी संख्या तयार केली आहे.» पुरेसं वाटतं की नाही? मी कागदावर मांडलं. पहिल्या जागी शून्य चालत नाही, म्हणून पाच अंक, दुसऱ्या जागी सहाही अंक, एकूण ३० संख्या. त्यांत ४ ने भाग जाणाऱ्या १२, २०, २४, ३२, ४०, ४४, ५२ अशा सात. संभाव्यता ७/३०.

पण ४४ वर मी अडले. ४४ चालते का? चार हा अंक दोनदा वापरायची परवानगी आहे का, हे त्याच्या वाक्यात नव्हतं. मी म्हटलं, आता मोठ्याने वाच आणि पाठव. आला मेसेज: «० ते ५ या अंकांपासून, अंकांची पुनरावृत्ती न करता…» त्या चार शब्दांनी ४४ गेली, ११, २२, ३३, ५५ सुद्धा गेल्या. एकूण संख्या २५ राहिल्या, ४ ने भाग जाणाऱ्या सहा. उत्तर ६/२५. मुलगा खोटं बोलला नव्हता. त्याला ते चार शब्द महत्त्वाचे वाटले नव्हते, एवढंच. कुठला शब्द महत्त्वाचा ते कळलं असतं तर त्याने शंका विचारलीच नसती.

आकृतीसाठी चित्र मागू नका, जागा विचारा

आकृतीचा फोटो येणार नसेल तर पुष्कळजण म्हणतात, हाताने काढून पाठव. मी हे आता जवळजवळ सोडलं आहे. मूल आकृती काढतं ती आपल्याला समजली आहे तशी, आणि त्याला ती समजलेली नाही म्हणूनच तर प्रश्न आला आहे. शिवाय लहान वहीत रेषा लांबवायला जागा नसते, म्हणून बाहेरचा E सरकून कडेवर येतो, आणि आपण तो वर्तुळावर आहे असं समजून तिसराच विचार करू लागतो. हाताने काढलेल्या आकृतीतली लांबी, कोन, यांवर तर अजिबात विसंबू नका.

त्याऐवजी असा प्रश्न विचारा की ज्याचं उत्तर एका अक्षरात देता येईल. वर्तुळाच्या या प्रश्नासाठी मी विचारते:

«A, B, E या तिघांत मधला बिंदू कोणता? आणि C, D, E या तिघांत मधला कोणता?»

मधला E असेल तर छेदन आत. मधला B आणि D असतील तर छेदन बाहेर, आणि E च्या जवळचा कंस BD. बारीक बघा, आत की बाहेर असं विचारलं असतं तरी चाललं असतं, पण मधला कोण हे विचारलं की आपल्याला जवळचा कंस कुठला आणि लांबचा कुठला तेही कळतं, आणि मुलाचं उत्तर तपासताही येतं. समजा मुलाने लिहिलं, मधले A आणि C. मग E बाहेर, जवळचा कंस AC, लांबचा BD. पण जवळचा कंस ८० अंशांचा आणि लांबचा ३० चा, असं होऊ शकत नाही. बाहेरच्या बिंदूपासून लांबचा कंस नेहमी जवळच्यापेक्षा मोठा असतो, नाहीतर कोन ऋण येईल. म्हणजे मुलाने अक्षरं चुकीची वाचली किंवा पुस्तकात छपाईची चूक आहे. अशा वेळी पुन्हा एकदाच विचारायचं: «E च्या जवळ कोणती दोन अक्षरं आहेत ते परत बघून सांग.» दोन्हीकडून उत्तर जुळलं नाही तर मग मात्र पानाच्या फोटोची वाट बघा.

हीच युक्ती इतर आकृत्यांना लावता येते. समरूप त्रिकोणांत विचारा, D हा AB वर आहे की AC वर? त्रिकोणमितीत विचारा, बोट आणि दीपगृह यांच्यात कोन कुठे मोजलाय, वर की खाली? परिपथात विचारा, एका रोधाचं टोक सुटलं तर दुसऱ्यातून वीज जाते का? शेवटचा प्रश्न मुलांना आवडतो, आणि उत्तर हो आलं तर समांतर, नाही आलं तर एकसर, दोन रोधांपुरतं एवढं पुरतं.

पर्याय आले, प्रश्न आला नाही

बहुपर्यायी प्रश्नात हे होतं. चार पर्याय दिसतात, वर काही नाही. कधीकधी पर्यायच प्रश्न सांगतात. (३, ४, ५), (५, १२, १३), (८, १५, १७), (२, ३, ४) असे चार पर्याय आले तर पहिली तीन पायथागोरसची त्रिकुटं आहेत, चौथं नाही. «कोणते त्रिकुट आहे» असा प्रश्न असता तर तीन उत्तरं बरोबर ठरली असती, म्हणून प्रश्नात «नाही» आहेच, असं आपण म्हणतो. हा तर्क चांगला आहे. पण याच्यावर उत्तर पाठवू नका, विचारण्यासाठी वापरा. «वरच्या ओळीत नाही हा शब्द आहे का, बघून सांग» असं लिहिलं की मुलाला एका शब्दात उत्तर देता येतं, आणि पुढच्या वेळी तो शब्द स्वतः बघायची सवय लागते. बहुपर्यायी प्रश्नात माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त गुण «नाही», «चूक» आणि «अयोग्य» या तीन शब्दांनी गेलेले आहेत, आणि ते ओळीच्या शेवटी असतात, म्हणजे कापताना पहिले तेच जातात.

पर्यायांची एककं सुद्धा बघून घ्या. प्रश्नात लांबी विचारली आहे असं तुम्हाला वाटतं आणि पर्याय चौरस सेंटिमीटरमध्ये आहेत, तर पाठवलेले पर्याय दुसऱ्याच प्रश्नाचे आहेत. पानाचा तुकडा काढताना एका प्रश्नाचं विधान आणि पुढच्याचे पर्याय एकत्र येतात.

उत्तर आलंच नाही तर

रात्र झाली, उद्या पेपर आहे, फोन बंद. असं होतं. तेव्हा काहीच न पाठवणं मला पटत नाही. पण एकच उत्तर पाठवणंही चूक. दोन्ही पाठवा, आणि निवड कशी करायची ते सगळ्यांत वर लिहा, तळाशी नको. मुलं घाईत पहिली ओळ वाचतात आणि तीच पाठ करतात. माझा मजकूर असा असतो:

«आधी पुस्तकातली आकृती बघ. E वर्तुळाच्या आत असेल तर पहिली रीत, बाहेर असेल तर दुसरी. दोन्ही पाठ करायच्या नाहीत, आकृती बघून एक निवडायची.»

मग दोन्ही रीती, प्रत्येकीसोबत मी स्वतः काढलेली आकृती. दोनपेक्षा जास्त शक्यता असतील तर हे करू नका. चार आकृत्या आणि चार उत्तरं बघून मूल गोंधळतं. मग सरळ लिहा की आकृती मिळाल्याशिवाय हे सांगता येणार नाही, सकाळी सहाला फोन कर. आणि सहाला फोन उचला.

फोटोत मुलाचा बैठक क्रमांक किंवा उत्तरपत्रिकेचा पहिला भाग आला असेल तर तो फोटो गटात पुढे टाकू नका. आणि फोटो कुठल्या पेपरचा आहे, तो पेपर झालाय की चालू आहे, हे विचारायलाही लाजू नका. घरून सोडवायला दिलेल्या चाचणीचे प्रश्न रात्री असे येतात, आणि त्यांची उत्तरं आपण द्यायची नसतात.

यंदाच्या ऑक्टोबरात परत एक वर्तुळाचा प्रश्न आला. वरची ओळ गेलेली, आकृती गेलेली. कंस वेगळे, १०० आणि ४०. पुस्तक गाईड होतं आणि ते शेजारच्या मुलीला परत दिलेलं. मी फोटो मागितला नाही. लिहिलं, शेजारी जा, फक्त बघून ये, A, B, E यांत मधला कोण, आणि C, D, E यांत मधला कोण. दहा मिनिटांत आवाज आला, मागून लाटांचा आणि कोंबड्यांचा आवाज: «बाई, मधी B आसा, आणि दुसऱ्यात D.» मी शंभरातून चाळीस वजा केले, निम्मे केले, आकृती काढली, E बाहेर मोठ्या अक्षरात लिहिला आणि ३० अंश पाठवले.